अभिनंदनाचा खर्डा

मैत्रिणीचं लग्न ठरल्याचं वाचून आनंद व्हायला क्षणभरही लागत नाही. होणाऱ्या नवऱ्याचं नाव वाचून झालं की मात्र पंचाईत सुरू होते. नाव तेच, आडनाव तेच, फोटोत एक भुवई उंचावून हसणंही तेच. तरी मेंदू इमानेइतबारे सांगत राहतो की या नावाची माणसं जगात पुष्कळ असतील, आणि भुवया तर सगळ्यांनाच असतात.

सदर गृहस्थ आणि मी एके काळी एकमेकांचे होतो. निदान माझी तशी समजूत होती. भांडण झालं नाही, निरोप झाला नाही. त्यानं आधी फोन उचलणं कमी केलं, मग बंद केलं आणि मग ओळखीच्या मंडळींना सांगितलं की आमच्यात तसं काही नव्हतंच. प्रेमभंग माणूस पचवतो. पण भंगायला मुळात काही नव्हतंच असं जाहीर झालं, की रडायचीसुद्धा चोरी होते. लोक विचारणार, कशासाठी रडतेस?

ही मैत्रीण त्यानंतरची. तिला मी सगळी कहाणी सांगितली होती, फक्त नाव सोडून. त्या निनावी माणसाला तिनं तेव्हा ज्या शिव्या हासडल्या, त्या मला अजून तोंडपाठ आहेत. आता त्या सगळ्या शिव्या तिच्याच घरी नांदायला निघाल्या होत्या आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

खरी अडचण इथे होती. तिला सगळं ठाऊक असतं तर मी फक्त मोठ्या मनाची वागले असते तरी भागलं असतं. ठाऊक नव्हतं, म्हणून खरंही बोलायचं होतं. आणि या दोन गोष्टी एकाच निरोपात मावत नाहीत, हे मला खर्डे लिहितानाच कळलं. ‘वा! मस्त! फार फार आनंद झाला!’ यात उद्गारचिन्हं तेवढी खरी होती. ‘अगं, हा?’ हे शंभर टक्के खरं, पण अभिनंदन म्हणून चालण्यासारखं नाही. ‘एकमेकांना अगदी शोभता’ हे लिहिलं आणि लगेच पुसलं, कारण जुना हिशोब काढला तर तो तिचा अपमान होता. तिकडे तिच्या पडद्यावर माझ्या नावाखाली ‘टायपिंग’ दिसत होतं, थांबत होतं, पुन्हा दिसत होतं. इतका वेळ टाइप करून शेवटी एक अंगठा पाठवला असता, तर तिनं तडक फोनच केला असता. आणि फोन मला नको होता. लिहिताना चेहरा लपतो. आवाज मात्र भलत्या जागी चिरकतो.

शेवटी गेलं ते असं: ‘अगं, वाचून चाटच पडले! तू किती आनंदात असशील. मला सगळं तुझ्या तोंडून ऐकायचंय, एकदा निवांत भेटू या.’ पुन्हा वाचा. एकही वाक्य खोटं नाही. चाट पडले होतेच. ती आनंदात असणार होतीच. ऐकायचंही होतं, फार जपून. त्याच्याबद्दल मात्र त्यात अक्षर नाही. पहिल्या निरोपाचं काम एवढंच असतं. आनंद तिचा आहे, तेव्हा तिच्याशी बोलावं. नवरदेवाला गुण देण्याचं काम आपल्याकडे कुणी सोपवलेलं नसतं.

निरोप पोचतो न पोचतो तोच एका जुन्या ओळखीच्या बाईंचा फोन. या बाई दोन्ही काळांच्या साक्षीदार. ‘कळलं का गं? तू बरी आहेस ना?’ आवाजात इतकी कळकळ, की पलीकडे वही उघडून बसल्या असाव्यात असं वाटलं. मी म्हणाले, ‘तिच्यासाठी मला आनंद आहे.’ त्यांनी वळसा घालून तेच विचारलं. मी वळसा न घालता तेच सांगितलं. असं झालं की माणसं कंटाळतात, आणि ते बरंच. कारण अशा वेळी तोंडून निघालेला एक उसासासुद्धा आपल्याआधी मैत्रिणीच्या घरी पोचतो, वाटेत त्याचा हुंदका झालेला असतो. पण त्या फोनमुळे एक गोष्ट पक्की झाली. तिला हे माझ्याकडून कळायला हवं होतं, आणि बाई कळकळीनं तिच्याकडे जाण्याआधी.

त्या रात्री मी त्याच्या अपराधांची उजळणी केली. यादी लांबत गेली. स्वतःच्या विनोदाला आधी स्वतः हसतो. वेळेवर येत नाही. उसनी पुस्तकं परत करत नाही. मग एकेका कलमाला विचारलं, हे तिला कळण्याची गरज आहे, की मला सांगण्याची? यादी भराभर आटली. पुस्तकांचा मुद्दा सोडताना जीव तुटला, पण सोडला.

त्यानं हात उगारला असता, कुणाचे पैसे बुडवले असते, आधीचं लग्न लपवलं असतं, तर गोष्ट वेगळी होती. मग मोठ्या मनाचं नावही काढायचं नसतं. तिला एकटीला गाठायचं, माझ्याबाबत काय घडलं, कधी घडलं, जवळ काय पुरावा आहे, एवढंच सांगायचं. वरून ‘तो तसलाच आहे’ असली लेबलं लावायची नाहीत, कारण ती भांडायला घेते ते लेबलाशी, आणि घडलेलं बाजूला राहतं. ऐकूनही तिनं लग्न केलंच, तर दार उघडं ठेवायचं, कारण पुढे कधी तिला त्याच दारानं यावं लागू शकतं. माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं. माझ्याकडे होता एक पळपुटा माणूस, आणि तोही जुना. या काळात तो सुधारला की अधिक चपळ झाला, हे मला ठाऊक नव्हतं. त्यामुळे तो कसा आहे हे सांगायचा मला अधिकार नव्हता. त्यानं माझ्याशी काय केलं, एवढं मात्र पुरेपूर माझं होतं.

आणखी एक चाळणी लावली. लग्न ठरलेल्या मुलीला सांगितलेलं काहीही त्याच रात्री होणाऱ्या नवऱ्याला कळतं. गुपित ठेवण्याची शपथ घातली तरी कळतं, उलट जरा लवकरच. म्हणून बोलायचं प्रत्येक वाक्य तो समोर बसलाय असं धरून म्हणून पाहिलं. या चाळणीतून एकही विशेषण खाली उतरलं नाही.

भेटलो, दोघीच. आधी तिला मनसोक्त बोलू दिलं. कसे भेटले, कुणी आधी विचारलं, घरचे काय म्हणाले. ऐकणं वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही. फक्त ‘इतका मोकळेपणानं बोलतो गं, मनात काही ठेवतच नाही’ या वाक्याला मला पाणी प्यावं लागलं. तिचं सांगून झालं तेव्हा म्हणाले, ‘तुला एक सांगायचंय, दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी. मी ज्याच्यासाठी रडले होते, तो हाच. काही न बोलता निघून गेला आणि आमच्यात काही नव्हतं म्हणाला. मला ते फार लागलं होतं. राग पार गेलाय म्हणाले तर ते खोटं होईल, थोडा आहे. पण तो माझा आहे, मी सांभाळते. तू लग्न करू नयेस असं मला वाटत नाही.’

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं, रडते आहे. आतून आवाज आला, ‘अगं, मी त्याला काय काय म्हटलं होतं!’

‘त्यातलं निम्मं मी विसरले,’ मी म्हणाले. दिवसभरातलं हे पहिलं खोटं. एवढं चालतं.

मग तिनं विचारलंच, ‘खरं सांग, तुला तो कसा वाटतो?’ हा प्रश्न येणार हे धरून चालावं आणि उत्तर घरून घेऊन निघावं. तिथल्या तिथे सुचतं ते हमखास एक तर गोड असतं, नाही तर विषारी. मी म्हणाले, ‘मी ज्याला ओळखत होते, तो मला आवडेनासा झाला. तुझा मला अजून भेटलेला नाही.’

ती घरी गेली आणि गप्प झाली. माझी बोटं सारखी फोनकडे जात होती. ‘रागावलीस का?’ विचारावंसं वाटत होतं, ‘मी उगाच बोलले’ असं लिहावंसं वाटत होतं. दोन्ही दाबलं. पहिल्यानं तिला तिचं सगळं सोडून माझी समजूत काढत बसावं लागलं असतं. दुसरं लिहिलं असतं, तर मी सांगितलेलं मीच मागे घेतलं असतं. सांगायचं एकदाच, मग तिला तिच्या माणसाशी भांडायला सवड द्यायची. भांडली ती. नंतर फोन करून म्हणाली, ‘विचारलं मी त्याला. म्हणाला, तेव्हा मी पळ काढला, आणि वर खोटं बोललो.’ म्हणजे आमच्यात काहीतरी होतं, ही गोष्ट अखेर संबंधितांकडून मान्य झाली. तीही तिसऱ्या व्यक्तीमार्फत, पण सरळ फोन करायची त्याची पद्धत कधी नव्हतीच.

मग तिनं गळ घातली, ‘समारंभात आमच्या दोघांबद्दल चार शब्द बोल ना.’ इथे भिडेला बळी पडून हो म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत. ऐन वेळी माइकसमोर त्यांचा आवंढा अडकतो आणि सगळ्या सभागृहाला गोष्ट कळते. मी म्हणाले, ‘तुझ्याबद्दल चाळीस शब्द बोलते. त्याच्याबद्दल दुसऱ्या कुणाला तरी सांग.’ तिला पटलं. किंवा चाळीस ऐकून मोह पडला असेल.

समारंभाआधी तिनं आमची गाठ घालून दिली. तो समोर आला, भुवई आज जागेवरच होती. ‘तेव्हा मी जे काही...’ अशी त्यानं सुरुवात केली. ती शेजारीच उभी, मागे माणसांची ये-जा. जुन्या जखमेची चौकशी तिच्या आनंदाच्या दिवशी, तीही उभ्याउभ्या, मला नको होती.

‘ते आज नको,’ मी म्हणाले. ‘अभिनंदन. आणि हिचे फोन उचलत जा.’

ती सगळ्यात मोठ्यानं हसली. तो कानापर्यंत लाल झाला. ‘उचलतो की,’ म्हणाला.

‘तिसऱ्या रिंगला,’ तिनं सांगितलं.