अरे, तो कॉमा वाचू नका, द्या!

«सुरमई ठेव कॉमा बांगडे नको कॉमा कोळंबी अर्धा किलो फुल स्टॉप». हर्णे बंदरावर लिलाव तोंडावर आलेला, आणि मोबाईलवर हा मेसेज! वहिनी बोलल्या बरोबर, पण मराठी डिक्टेशनने ‘कॉमा’ हा हुकूम न मानता साधा शब्द म्हणून टाइप केला. इतकं बोललेलं कळतं, मग एवढंच का कळू नये?

त्याहून संताप येतो तो वाचणाऱ्यांचा. हे शब्द कचरा समजून सरळ गाळतात! गाळले की उरतं काय? «सुरमई ठेव बांगडे नको कोळंबी अर्धा किलो». आमच्या भाच्याने वाचलं, ‘ठेव बांगडे, नको कोळंबी’. झालं! पिशवीभर बांगडे घरी, कोळंबीचा पत्ता नाही. अरे, शब्द पुसू नका, त्याच जागी चिन्ह द्या: «सुरमई ठेव, बांगडे नको, कोळंबी अर्धा किलो.» आता कुठे अडतंय?

आणि दिसेल तो पूर्णविराम बदलायचाही नाही! ‘बांधाच्या वादाला पूर्णविराम दिला’ यात तो वाक्याचाच शब्द आहे, ‘दिला’शी जोडलेला. तिथे टिंब टाकलंत तर वाक्यच मोडेल. ज्याचा आजूबाजूच्या शब्दांशी काही संबंध लागत नाही, तोच तोंडी सांगितलेला विराम.

पाठवणाऱ्यांनो, बोलून झाल्यावर निदान ‘बांगडे नको’सारख्या तुकड्याच्या मागचा-पुढचा कॉमा बोटाने टाका. दोन सेकंद लागतात हो!