इंग्रजी मेल तपासून देणाऱ्यांसाठी काही उपयुक्त सूचना

तुम्हाला इंग्रजी येतं ही बातमी सांगलीत एकदा फुटली, की सोसायटीच्या नोटिशीपासून पुतण्याच्या व्हिसाच्या फॉर्मपर्यंत सगळं तुमच्या दारात येतं. त्यातला मानाचा ऐवज म्हणजे इंग्रजी मेल. "सर, एवढं जरा बघून द्या की." बघून द्यायला काहीच हरकत नाही. फक्त आपला दरारा शाबूत राहील अशा बेताने बघायचं असतं, आणि ते कोणी शिकवत नाही.

आपण एक मेलच हातात घेऊ. मार्केट यार्डातल्या हळदीच्या पेढीवर बसणारा, बी. कॉम. झालेला पोरगा. लंडनच्या एका खरेदीदाराला त्याने लिहिलंय: 'रिस्पेक्टेड सर, आय हॅव सेंट सॅम्पल यस्टरडे बाय कुरिअर. वी आर हॅविंग गुड राजापुरी. वी विल डिस्कस अबाउट रेट. प्लीज टेल मी व्हेन विल यू सेंड ऑर्डर. थँकिंग यू.'

आधी चष्मा पुसा. मग 'हॅव'वर काट मारा. पोरगा विचारणारच, "हॅव का काढलं ओ सर? काल पाठवलंय की मी." यावर ठरलेलं उत्तर आहे: "तिथं सिम्पल पास्ट येतो." पोरगा मान हलवतो आणि गप्प बसतो. या उत्तराची खुबी अशी, की चुकीला नाव मिळतं आणि कारण मात्र तुमच्याकडेच राहतं.

चुकूनही खरं कारण सांगू नका. म्हणजे असं काही बोलू नका, की "अरे, तुझं मराठी अगदी बरोबर आहे. 'काल पाठवलंय' यात 'काल' आणि 'आहे' एका वाक्यात गुण्यागोविंदाने राहतात. इंग्रजीत 'हॅव सेंट' म्हटलं की काम झालंय आणि त्याचा आजशी संबंध आहे, एवढंच सांगायचं असतं. नेमकी वेळ सांगितलीस आणि ती वेळ सरून गेलेली असली, की 'हॅव'ला तिथे जागा उरत नाही. म्हणून दोन्हींतलं एक ठेव. 'यस्टरडे' हवं असेल तर 'आय सेंट', आणि नुसतं पाठवलंय एवढंच कळवायचं असेल तर 'आय हॅव सेंट'. 'धिस वीक' मात्र 'हॅव'सोबत चालतं, कारण आठवडा अजून संपायचाय." एवढं ऐकलं की पोरगा 'लास्ट मंथ' आणि 'ऑन मंडे'वाली वाक्यं घरबसल्या स्वतःच दुरुस्त करील, आणि तुमचं एक गिऱ्हाईक गेलं म्हणून समजा.

आता 'सॅम्पल'. इथे आधी काहीतरी हवं, हे तुम्हाला दिसलं. 'द' घाला. का? "इंग्रजीत लागतं." आपल्याकडे आर्टिकल नसतं, त्यामुळे मराठी माणसाला ते कधीच जमायचं नाही, असंही वर जोडून द्या. म्हणजे त्याची आशाच मिटते.

वास्तविक मराठी माणूस हा फरक दिवसभर करत असतो, फक्त तो भलत्या जागी करतो. "शेठ ड्रायव्हर शोधतायत" म्हणजे जागा रिकामी आहे, कोणीही चालेल. "शेठ ड्रायव्हरला शोधतायत" म्हणजे गाडी दारात उभी आहे आणि ठरलेला गडी चहाला पळालाय. पहिला 'अ ड्रायव्हर', दुसरा 'द ड्रायव्हर'. एका 'ला'मध्ये आपण जे सांगतो, ते इंग्रज शब्दाच्या आधी सांगतो. ही किल्ली निर्जीव वस्तूंना नीट लागत नाही, कारण "पेन शोधतोय" यात कोणतंही पेन आणि माझं ठरलेलं पेन, दोन्ही बसतात. तिथे वाचणाऱ्याच्या जागी बसून "कोणतं?" असं विचारायचं. उत्तर त्याला आधीच ठाऊक असेल तर 'द'. 'रेट'ला 'द' लागतो तो यामुळेच, कारण कशाचा दर ते दोघांनाही माहीत आहे.

आणि इथेच एक अवघड गोष्ट निघते. लंडनवाल्याने सॅम्पल मागितलं होतं, की पोराने आपणहून पाठवलं? मागितलं असेल तर 'द सॅम्पल'. न मागता पाठवलं असेल तर 'अ सॅम्पल', कारण खरेदीदाराला त्याचा पत्ताच नाही. म्हणजे बरोबर काय ते तुम्हाला कागदाकडे बघून कळणार नाही, पेढीवरच्या पोराला विचारावं लागणार! तपासणाऱ्याने विचारायचं आणि शिकणाऱ्याने सांगायचं, हे काय चांगलं दिसतं? म्हणून न विचारता 'द' ठोकून मोकळं व्हा. तिकडे तो खरेदीदार कुठलं सॅम्पल म्हणून जुने मेल उपसत बसेल, तो त्याचा प्रश्न.

'हॅविंग'वर फार वेळ घालवू नका. 'आहे' दिसलं की पोरं 'ॲम' नाहीतर 'आर' लावतात आणि मग क्रियापदाला 'इंग' जोडतात. 'हॅविंग लंच' चालतं, कारण जेवणं ही चालू असलेली क्रिया आहे. माल जवळ असणं ही नुसती स्थिती. झालं.

'डिस्कस अबाउट'मधलं 'अबाउट' मात्र मोठ्या झोकात खोडा आणि लगेच पुढच्या ओळीवर जा. तो 'अबाउट' आला 'दराबद्दल'मधल्या 'बद्दल'मधून, आणि 'डिस्कस'च्या पोटात तो आधीच आहे, हे सांगायला थांबू नका. त्याहूनही महत्त्वाचं म्हणजे 'डिस्कशन' हे नाम आलं की 'अबाउट' परत लागतो आणि 'टॉक'ला तर लागतोच, हे अजिबात सांगू नका. याचं फळ पुढच्या मेलमध्ये मिळतं. पोरगा लिहून आणतो: 'वी हॅड अ डिस्कशन द रेट.' 'अबाउट' वाईट, एवढंच त्याने तुमच्याकडून उचललेलं असतं. खोडणं पोचलं आणि कारण पोचलं नाही, याची याहून स्वच्छ खूण नाही. तुम्ही मात्र कपाळाला हात लावून म्हणायचं, "किती वेळा सांगायचं रे?"

'व्हेन विल यू सेंड'चं 'व्हेन यू विल सेंड' करताना शब्द नुसते बाणाने इकडचे तिकडे दाखवा. बाणाला कारण कोणी विचारत नाही. "ऑर्डर कधी पाठवाल?" आणि "ऑर्डर कधी पाठवाल ते सांगा" यांत मराठी शब्दांची जागा हलत नाही. इंग्रजीत 'विल' पुढे येतं ते थेट प्रश्न विचारताना. इथे 'प्लीज टेल मी' झालं, प्रश्न वाक्याच्या आत गेला, त्यामुळे 'विल' आपल्या जागी परत गेलं. मात्र जाता जाता 'ऑर्डर'च्या आधी 'युअर' घालायला विसरू नका. त्याचंही कारण कोणी विचारणार नाही.

आता कागदावर लाल जरा कमी दिसतंय. तेव्हा 'रिस्पेक्टेड सर'चं 'डिअर सर' करा आणि 'थँकिंग यू'चं 'बेस्ट रिगार्ड्स'. आपल्या कचेऱ्यांत दोन्ही रोज चालतात, लंडनला जरा जुनाट वाटतील, पण अर्थाला कुठे धक्का लागत नाही. तरीही शाई तीच लाल वापरायची. चूक कुठली, रिवाज कुठला आणि तुमची आवड कुठली, हे रंगावरून कळता कामा नये.

कारण एखादा पोरगा चिवट असतो. तो 'थँकिंग यू'वर बोट ठेवून विचारतो, "सर, ही चूक होती व्हय?" तुम्ही भोळेपणाने "चूक नाही रे, पण बरं दिसत नाही" म्हणालात, की तो कागद सरळ करून पहिल्या ओळीवर बोट नेतो. "मग ह्यातल्या खऱ्या चुका कुठल्या, तेवढं सांगा की." अशा वेळी आत वळून मोठ्याने ओरडावं, "अगं, चहा झाला का?"