एकदम सोपं आहे गं!

आईला व्हिडिओ कॉल शिकवायचा असेल तर तिच्या शेजारी बसून शिकवण्याचा विचार आधी डोक्यातून काढून टाका. त्यात अर्धा तास जातो. मेसेज दीड मिनिटात होतो, आणि तो जिना उतरता उतरताही लिहिता येतो. सुरुवात ‘एकदम सोपं आहे’ या तीन शब्दांनी करा. म्हणजे जमलं नाही तर चूक कुणाची, हे पहिल्याच ओळीत ठरून जातं.

लिहिताना फोन स्वतःचा बघा, तिचा नव्हे. तुमचा आयफोन आणि तिचा अँड्रॉइड असेल तर फारच उत्तम. ‘वर कोपऱ्यात आयकॉन आहे, त्यावर टॅप कर’ एवढं पुरे. कॅमेऱ्याचं चित्र आणि रिसीव्हरचं चित्र शेजारी शेजारी असतं, हे सांगत बसू नका. दोन दिवस ती साधा कॉल लावून फोन तोंडासमोर धरून बसेल आणि ‘तू दिसत का नाहीस’ म्हणून विचारेल, त्यात काय एवढं.

‘टॅप’ म्हणजे काय, हेही सांगू नका. तिने आयुष्यभर दारावरची बेल दाबली आहे, त्यामुळे बटण आवाज येईपर्यंत दाबायचं असतं हे तिला पक्कं ठाऊक आहे. ॲपच्या चित्रावर बोट असं रोवून धरलं की ते उघडत नाही, त्याच्याजवळ एक छोटी यादी उघडते. बोट जरा सरकलं की चित्र उचललं जातं आणि भलत्याच पानावर जाऊन बसतं. मग तिचा फोन येईल, ‘ॲप गेलं.’ तुम्ही म्हणायचं, ‘जाईल कसं?’

आता मुख्य पायरी, म्हणजे परवानगी. पहिल्यांदा व्हिडिओ कॉल लावताना फोन कॅमेरा आणि माइक वापरू का, असं विचारतो आणि ‘While using the app’, ‘Only this time’ आणि ‘Don’t allow’ असे पर्याय देतो. मेसेजमध्ये याचा उल्लेख नको, कारण तुम्ही तुमच्या फोनवर ही परवानगी कधीच देऊन बसला आहात, तुम्हाला ती चौकट दिसतच नाही. शिवाय गेली तीन वर्षं तुम्हीच आईला बजावलंय, ‘फोनने काही विचारलं तर हो म्हणायचं नाही, फसवणूक असते.’ गुणी विद्यार्थिनीसारखी ती ‘Don’t allow’ दाबते. पुन्हा लावते, पुन्हा तेच दाबते. अँड्रॉइड 11 पासून अशी गंमत आहे की एखादी परवानगी दोनदा नाकारली की फोन ती पुन्हा विचारायचंच सोडून देतो. मग ती द्यायला सेटिंग्जमध्ये जाऊन ते ॲप शोधावं लागतं आणि त्याच्या ‘Permissions’मध्ये ‘Camera’ आणि ‘Microphone’ सुरू करावं लागतं. तुम्ही मात्र ‘रीस्टार्ट करून बघ’ असंच लिहा. फोन कितीही वेळा बंद-चालू केला तरी ते ‘नाही’ जसंच्या तसं राहतं, आणि तेवढा तुम्हाला वेळ मिळतो.

कॉल घ्यायचा कसा, यासाठी ‘हिरवं बटण दाब’ ही ओळ पुरेशी आहे. तिचा फोन हातात सुरू असेल तर वर पट्टी येते आणि तिथलं बटण खरोखरच दाबायचं असतं. फोन कुलूपबंद असेल तर बऱ्याच ॲपमध्ये तेच हिरवं वर्तुळ वर ढकलावं लागतं. आई ते दाबते. नुसती दाबते, जोरात दाबते, बोट पदराला पुसून पुन्हा दाबते. म्हातारपणी बोटांची टोकं कोरडी पडतात आणि काचेला ती नीट कळत नाहीत, म्हणून कधी कधी ढकलूनही ते हलत नाही. तुमच्याकडे रिंग वाजून वाजून थांबली की तुम्ही लिहा, ‘उचलत का नाहीस???’ प्रश्नचिन्हं तीनच, जास्त दिल्यास ती घाबरते.

आणि हा सगळा मजकूर पाठवायचा त्याच ॲपवर, ज्यावरून कॉल करायचाय. म्हणजे कॉल सुरू झाला की सूचना त्याच्या मागे लपतात आणि सूचना वाचायच्या तर कॉलच्या पडद्यावरून मागे यावं लागतं. मागे कसं यायचं, ते लिहू नका.

एवढं करूनही एखाद्या संध्याकाळी अचानक तिचा कॉल येईल. पडद्यावर तिचं कपाळ आणि बराचसा पंखा दिसेल. गावाला गेलात की तिच्या उशाशी ठेवलेली वही मात्र उघडू नका. त्यात शेजारच्या मुलीकडून विचारून तिने पेनाने चार ओळी लिहिल्या असतील:

कॅमेऱ्याचं चित्र, रिसीव्हरचं नाही.
हलकं शिवायचं, धरून ठेवायचं नाही.
फोन आला तर हिरवं वर ढकल. बोट ओलं कर.
त्याला विचारू नकोस, कामात असतो.