सोळा दिवसांत सगळे का संपत नाही: आयोडीन-१३१ वरील एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: «आपल्या लेखात आयोडीन-१३१ आठ दिवसांत निम्मे होते आणि एक टक्का उरायला त्रेपन्न दिवस लागतात असे आहे. आठ दिवसांत अर्धे गेले तर साध्या त्रैराशिकाने सोळा दिवसांत सगळे संपायला हवे. शिवाय माझी वहिनी मुंबईला हेच औषध घेऊन चौथ्या दिवशी गुहागरला घरी आली, तेव्हा डॉक्टरांनी कोणाला त्रेपन्न दिवस थांबवले नाही. लॉगॅरिथम घालून आपण सोपी गोष्ट अवघड केली आणि लोकांना उगाच घाबरवले.»

नमस्कार. आयोडीन-१३१ म्हणजे थायरॉइडच्या उपचारात देतात ते किरणोत्सर्गी आयोडीन. त्याविषयीच्या आपल्या आक्षेपात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. त्यांतली पहिली गणिताची आहे आणि तिच्यावर मी ठाम आहे. दुसरी आपल्या वहिनींच्या घरी येण्याची आहे, आणि तिच्याबाबत माझ्या लेखात खरोखरच एक उणीव राहिली आहे.

त्रैराशिक कुठे चालते ते आधी पाहू. गड्याने आठ दिवसांत निम्मी बाग बेणली तर उरलेली निम्मी पुढच्या आठ दिवसांत होईल, कारण रोजचे काम ठरलेले असते आणि समोर किती बाग उरली आहे यावर ते अवलंबून नसते. अणूंचे तसे नाही. आयोडीन-१३१ चा प्रत्येक अणू स्वतंत्रपणे, शेजारच्या अणूची किंवा स्वतःच्या वयाची दखल न घेता, पुढच्या आठ दिवसांत फुटण्याची निम्मी शक्यता बाळगून असतो. सोळा दिवस टिकून राहिलेला अणू थकलेला किंवा जुना झालेला नसतो. आजच तयार झालेल्या अणूची जी शक्यता, तीच त्याचीही. म्हणून दर आठ दिवसांत ठरावीक संख्या जात नाही, तर त्या वेळी जे उरलेले असते त्याचे निम्मे जाते.

गेल्या मे महिन्यात भाचरे घरी होती तेव्हा आम्ही ओटीवर शंभर नाणी घेऊन हे करून पाहिले. सगळी नाणी एकदम उधळायची, छाप पडलेली बाजूला काढायची आणि काट्याची पुन्हा उधळायची. पहिल्या फेरीनंतर ५३ उरली, मग २५, १४, ६, ४, १. ते शेवटचे नाणे आणखी एक फेरी टिकले आणि आठव्या फेरीत गेले. दुसऱ्या फेरीत सगळी संपतील असे धाकट्या भाचीला वाटले होते, अगदी आपल्या त्रैराशिकाप्रमाणे, आणि २५ नाणी समोर पाहून तिने ती दोनदा मोजली.

याच खेळात नियमाची मर्यादाही दिसते. चौदाची सात व्हायला हवी होती, झाली सहा. चार उरली तेव्हा पुढे काय होईल हे कोणीच सांगू शकत नव्हते. मोठ्या संख्येला हा नियम अतिशय काटेकोरपणे लागू पडतो आणि हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके अणू उरले की त्याची पकड सुटते. रुग्णालयात दिली जाणारी १०० मिलिक्युरीची मात्रा धरली तर तिच्यात आयोडीन-१३१ चे सुमारे ३७ नंतर चौदा शून्ये इतके अणू असतात, आणि तरीही त्यांचे वजन एक मायक्रोग्रॅमसुद्धा भरत नाही. इतक्या अणूंमधून सरासरीने एकच अणू उरायला सुमारे ५२ वेळा निम्मे व्हावे लागते, म्हणजे जवळजवळ ४१५ दिवस. ‘सगळे संपणे’ याचे खरे उत्तर हवे असेल तर ते सोळा दिवसांच्या जवळपासही येत नाही. म्हणूनच या विषयात ‘केव्हा संपेल’ असे न विचारता ‘इतका भाग उरायला किती वेळ’ असे विचारतात.

आता त्रेपन्न दिवस कुठून आले ते लॉगॅरिथमला हात न लावता पाहू. १०० पासून निम्मे करत जा: ५०, २५, १२.५, ६.२५, ३.१२५, १.५६, ०.७८. सहा वेळा निम्मे केल्यावर एक टक्क्यापेक्षा थोडे जास्त उरते, सात वेळा केल्यावर थोडे कमी. निम्मे व्हायला लागणाऱ्या या काळाला अर्धायुष्य म्हणतात. म्हणजे उत्तर सहा आणि सात अर्धायुष्यांच्या मध्ये, ४८ ते ५६ दिवसांच्या दरम्यान, आहे. व्यवहाराला एवढे पुष्कळदा पुरते. नेमका दिवस हवा असेल तेव्हाच हे सूत्र लागते:

```
t = T × log(N₀ ÷ N) ÷ log 2
```

यात T म्हणजे अर्धायुष्य (आयोडीन-१३१ साठी ८.०२ दिवस), N₀ सुरुवातीचे प्रमाण आणि N उरलेले. एक टक्क्यासाठी गुणोत्तर १००, त्याचा लॉग २. २ ला ०.३०१० ने भागले की ६.६४ अर्धायुष्ये येतात आणि त्यांना ८.०२ ने गुणले की ५३.३ दिवस. मला स्वतःला या सूत्रातून निघणारी एक गोष्ट फार उपयोगी वाटते: प्रमाण दहापट कमी व्हायला नेहमी ३.३२ अर्धायुष्ये लागतात, म्हणजे या आयोडीनसाठी २६.६ दिवस. एक दशांश उरायला २६.६ दिवस, एक शतांश उरायला ५३.३, एक सहस्रांश उरायला ८० दिवस. प्रत्येक शून्यामागे तितकेच दिवस वाढतात, मग सुरुवातीला नमुना थेंबभर असो की बाटलीभर.

त्रैराशिकाची सवय दोन निम्म्यांच्या मधल्या काळातही फसवते. चार दिवसांनी किती उरेल असे विचारले तर बहुतेक जण आठ दिवसांच्या निम्म्यावर म्हणून ७५ टक्के सांगतात. प्रत्यक्षात सुमारे ७१ टक्के उरतात, कारण सुरुवातीला अणू जास्त असल्याने फुटणारेही जास्त असतात. ७५ टक्क्यांचा क्षण त्याआधीच, साधारण साडेतीन दिवस होण्यापूर्वी, येऊन गेलेला असतो.

आता आपल्या वहिनींविषयी. वरचे सगळे गणित बंद कुपीतल्या नमुन्याचे आहे, जिथून अणू जाण्याचा एकच मार्ग आहे: फुटून स्थिर झेनॉन-१३१ होणे. माणसाच्या शरीराला दुसराही मार्ग आहे. थायरॉइड ग्रंथी शस्त्रक्रियेने काढलेली असेल तर आयोडीन अडवून ठेवणारे फारसे काही उरत नाही, आणि बराचसा भाग पहिल्या दोन-तीन दिवसांत लघवीवाटे बाहेर जातो. या बाहेर जाण्यालाही एक अर्धायुष्य असते, त्याला जैविक अर्धायुष्य म्हणतात. दोन्ही मार्ग एकाच वेळी चालू असल्यामुळे परिणामी अर्धायुष्य दोहोंपेक्षाही कमी येते: दोन्ही अर्धायुष्यांचा गुणाकार भागिले त्यांची बेरीज.

समजा जैविक अर्धायुष्य एक दिवस आहे. हा आकडा मी उदाहरणासाठी घेतला आहे, आपल्या वहिनींचा तो असेलच असे नाही. आठ गुणिले एक भागिले नऊ, म्हणजे ०.८९ दिवस, सुमारे २१ तास. तीन दिवसांत अशी जवळजवळ साडेतीन अर्धायुष्ये होतात आणि शरीरात साधारण दहा टक्के उरतात. निव्वळ फुटण्यावर भरवसा ठेवला असता तर तीन दिवसांनी ७७ टक्के उरले असते. चौथ्या दिवशी घरी पाठवण्याचा निर्णय घेताना डॉक्टर आठवड्यांचा हिशेब करत नाहीत. ते रुग्णापासून ठरावीक अंतरावर मापकयंत्र धरून त्या दिवशीचा किरणोत्सर्ग मोजतात आणि तो मर्यादेत आला की घरी सोडतात. घरी काही दिवस लहान मुलांपासून आणि गरोदर स्त्रियांपासून अंतर ठेवायला सांगतात ते त्या उरलेल्या भागासाठी.

ग्रंथी जागेवर असेल तर चित्र अगदी बदलते. शाबूत थायरॉइडचे जैविक अर्धायुष्य साधारण ८० दिवस धरतात. तोच हिशेब केला तर परिणामी अर्धायुष्य ७.३ दिवस येते, म्हणजे बंद कुपीपेक्षा थोडेसेच कमी. शस्त्रक्रियेनंतर ग्रंथीचा लहान अवशेष मागे राहिला तर त्याने धरून ठेवलेले आयोडीन असेच सावकाश कमी होते. त्यामुळे वर मी एकच जैविक अर्धायुष्य धरून केलेला हिशेब पहिल्या काही दिवसांपुरताच खरा मानावा. तोच पुढे ओढून सहा दिवसांत एक टक्का उरेल असे म्हणू नये.

मग वहिनींच्या शरीरातून गेलेले आयोडीन कुठे गेले? रुग्णालयात ते सांडपाण्याबरोबर साठवण टाकीत जाते. तिथे दुसरा मार्ग बंद झालेला असतो, म्हणून टाकीतल्या पाण्याला आठ दिवसांचेच अर्धायुष्य लागू होते. अशा कचऱ्यासाठी दहा अर्धायुष्ये थांबण्याचा जो प्रघात आहे, तो म्हणजे बरोबर ते ८० दिवस, एक सहस्रांशाचे. घरातही हाच फरक आहे: वहिनींच्या अंगातले आयोडीन तासांच्या हिशेबाने कमी होते, पण त्यांची घामाने भिजलेली चादर न धुता पिशवीत बांधून माळ्यावर टाकली तर त्या चादरीवरचे दिवसांच्याच हिशेबाने कमी होईल. ती वेगळी धुवावी असे सांगतात ते यासाठी. धुतली की पाणी तिच्यापुरता तो दुसरा मार्ग उघडून देते.

आणखी एक गोष्ट, कारण आपल्यासारखा चिकित्सक वाचक कधीतरी मापकयंत्र हातात घेईल. आपल्या जांभ्याच्या भिंती, माती आणि वरून येणारे विश्वकिरण यांमुळे नमुना नसतानाही यंत्र काही ना काही दाखवतेच. ते मिनिटाला ४० नोंदी इतके आहे असे धरा आणि नमुन्यासह सुरुवातीचा आकडा १०४०. आठ दिवसांनी यंत्र ५२० दाखवणार नाही, ५४० दाखवेल. ३२ दिवसांनी १०३, ५३ दिवसांनी ५०. जो ४० वजा करणार नाही त्याला वाटेल की अर्धायुष्य हळूहळू लांबत चालले आहे आणि नमुना ४० च्या खाली जायलाच तयार नाही. आकडे उतरत उतरत एका पातळीवर अडकले की नमुना आहे तिथून उचलून दूर न्यावा आणि पुन्हा मोजावे. आकडा तोच राहिला तर तो नमुन्याचा नाही, घराचा आहे.

माझ्या मूळ लेखात ‘बंद नमुन्यासाठी’ हे दोन शब्द राहून गेले होते. घरी रुग्ण असलेल्या कोणी तो परिच्छेद वाचला असता तर त्रेपन्न दिवस माणसाला लागू आहेत असाच अर्थ घेतला असता, आणि आपण तो घेतलात यात आपली चूक नाही. ते शब्द आज घातले आहेत आणि परिणामी अर्धायुष्याचे वरचे उदाहरणही त्याखाली जोडले आहे. वहिनींना रुग्णालयाने घरी अंतर राखण्यासाठी किती दिवस लिहून दिले आहेत तो कागद जवळ असेल तर त्यावरचाच आकडा पाळावा. तो त्यांच्या अंगावर प्रत्यक्ष मोजून काढलेला आहे, माझा कागदावर धरलेला आहे.