104 गुणांच्या सराव पेपरची चिरफाड

रविवारी सकाळी सोलापुरात अशोक चौकातल्या बहिणीच्या घरी गेलो, तेव्हा पाचवीतली भाची पाटावर बसून रडत होती. शिकवणीत शिष्यवृत्ती परीक्षेसाठी भाषा, गणित आणि बुद्धिमत्ता असा एकत्र सराव पेपर झाला होता. प्रत्येक विभागाचे 25 प्रश्न, प्रत्येकी 2 गुण, वेळ 90 मिनिटे. भाषेत 46, गणितात 38, बुद्धिमत्तेत 20, एकूण 104. शिकवणीतून शेरा आला होता, "बुद्धिमत्ता कच्ची." हा शेरा मला पटला नाही, कारण कोडी सोडवताना ही पोर घरात कुणाला ऐकत नाही.

आम्ही प्रश्नपत्रिका आणि उत्तरपत्रिका शेजारी ठेवून पाहिले. तिने 56वा प्रश्न सोडला होता, पण त्याचे वर्तुळ कोरे नव्हते. 57चे उत्तर 56समोर, 58चे 57समोर असे 66व्या ओळीपर्यंत सगळे एक घर वर सरकले होते, आणि कोरी होती 67वी ओळ. 68पासून पुन्हा बरोबर. प्रश्नपत्रिकेवर तिने पेन्सिलीने केलेल्या खुणा तपासल्या, तर 57 ते 67 या अकरापैकी दहा उत्तरे अचूक होती. सरकलेल्या ओळींत योगायोगाने दोनच जुळली. म्हणजे तिचे खरे गुण 20 नव्हेत, 36. वर्तुळ पेनाने रंगवायचे असल्यामुळे चूक लक्षात येऊनही खोडायची सोय नव्हती.

खरी चूक होती त्या सोडलेल्या प्रश्नात. "प्रार्थनेच्या रांगेत एक मुलगी समोरून 12वी आहे आणि तिच्या मागे 17 मुली आहेत, तर रांगेत एकूण किती मुली?" तिने विचारले, "मामा, एक वजा करायचा की नाही?" 'समोरून 12वी, मागून 17वी' असे असते, तर ती मुलगी दोनदा मोजली जाते, म्हणून 28. इथे मागच्या 17मध्ये ती स्वतः नाहीच, म्हणून 29. पर्यायांत दोन्ही आकडे होते, आणि तसे ते मुद्दामच ठेवलेले असतात. तिला सूत्र पाठ होते. 'मागून' आणि 'मागे' यांतला फरक कुणी दाखवला नव्हता. हा भाषेचा प्रश्न आहे, पण गुण जातात बुद्धिमत्तेचे.

असल्या मिश्र पेपरची एकूण बेरीज मला म्हणूनच फसवी वाटते. प्रत्यक्ष शिष्यवृत्ती परीक्षेत पहिल्या पेपरात प्रथम भाषा 50 आणि गणित 100, तर दुसऱ्यात इंग्रजी 50 आणि बुद्धिमत्ता 100 गुणांना असते. इथे भाषेला मिळालेले वजन तिथे नाही, म्हणून भाषेचे 46 गुण बाकीच्या उणिवा झाकतात.

आता ती प्रश्न सोडला की प्रश्नपत्रिकेतल्या क्रमांकाला गोल करते आणि दर पाच प्रश्नांनी दोन्हीकडचे क्रमांक जुळवते. काल या पद्धतीने 75 प्रश्नांना 88 मिनिटे लागली. दोन मिनिटे उरली, त्यात तिने पाणी प्यायले.