साहेबांच्या मिशीतला ऊस

साहेबांचा वाढदिवस, दहा बाय आठचा फ्लेक्स, मागे भडक भगवा, आणि फोटो कुठला, तर उसाच्या फडात भर उन्हात काढलेला. पांढरा शर्ट, पांढरी टोपी, पांढरी मिशी. कार्यकर्ता म्हणाला, "भाऊ, फक्त बॅकग्राऊंड उडवायचंय, पाच मिनिटांचं काम."

फोटोशॉपमध्ये उडतं की पाच मिनिटांत, पण ऊस जात नाही ना! भगव्यावर साहेबांना ठेवलं की चारी बाजूंनी हिरवी किनार, जणू काठपदर लावलाय. कडेचा पिक्सेल अर्धा शर्टाचा अर्धा उसाचा असतो, त्यामुळे कितीही नीट कापा, थोडा ऊस सोबत येतोच. त्यात फोटो मोबाईलवरून फॉरवर्ड होत होत आलेला, आणि जेपेगमध्ये बहुतेक वेळा रंग उजेडापेक्षा जाडाभरडा साठवतात, म्हणून हिरवं कडेच्या आतही दोन-तीन पिक्सेल झिरपलेलं. Layer > Matting > Defringe ला १ दिलं तर हलत नाही, ३ दिलं तर खांदे साफ, कारण ते कडेचा रंग काढून आतल्या पिक्सेलचा रंग तिथे भरतं. मिशीला मात्र ते लावू नका, केसांचे ठोकळे होतात.

बरं किनार गेली तरी हनुवटीखाली आणि बाहीच्या आतल्या बाजूला साहेब हिरवेच! ही कापण्यातली चूक नाही, उन्हात पानांवरून उसळलेला हिरवा उजेड खरोखरच अंगावर पडलेला असतो आणि पांढऱ्या कपड्यावर तर तो लगेच दिसतो. त्याला उपाय म्हणजे वर नवीन लेयर, साहेबांना क्लिप केलेला, ब्लेंड मोड Color. गालावरचा रंग उचलायचा आणि मऊ ब्रशने हनुवटीवर फिरवायचा. शर्ट-मिशीवर साधा करडा. Color मोड फक्त रंग बदलतो, उजेड-सावली खालचीच राहते, म्हणून शर्टाच्या चुण्या आणि मिशीचा प्रत्येक केस जागच्या जागी. मग कडेला अगदी हलका केशरी मारला की माणूस त्या भगव्यासमोरच उभा होता असं वाटतं, हे कुणी करत नाही आणि म्हणूनच फ्लेक्सवरचे लोक चिकटवल्यासारखे दिसतात.

पण आमच्या मालकांना शॉर्टकटचा भारी सोस. मी चहाला गेलो तेवढ्यात त्यांनी वर Hue/Saturation चा लेयर टाकून Greens चं सॅच्युरेशन थेट -100 केलं, "बघ, एका झटक्यात!" आणि प्रूफ पाठवूनही दिलं.

दहा मिनिटांत फोन. "साहेबांची पाचूची अंगठी राखाडी कशी झाली? ज्योतिषाने सांगून घातलीय, निवडणूक तोंडावर आहे!"

मालकांनी फोन माझ्या हातात दिला. मी त्या लेयरच्या मास्कवर काळा ब्रश घेऊन अंगठी परत हिरवी केली, तोवर पलीकडून दुसरा आवाज आला, "आणि जरा जास्तच हिरवी करा, मोठी वाटली पाहिजे."