'कुठलाही रोल चालेल सर' : एका मेसेजचं मेल होताना

गेल्या महिन्यात भाच्याचा फोन आला. "मावशी, त्या सरांनी मेसेज बघितला, निळ्या टिका पण आल्या, पण रिप्लायच नाही." मी म्हटलं, काय पाठवलंस ते जसंच्या तसं दाखव. त्याने स्क्रीनशॉट पाठवला. पाच बुडबुडे:

"हाय सर"
"कसे आहात"
"ओळखलंत का, कॉलेजच्या प्रोग्रॅमला भेटलो होतो"
(मग रिझ्युमेची ड्राइव्हची लिंक)
"प्लीज तुमच्या कंपनीत रेफर करा ना सर, कुठलाही रोल चालेल 🙏"

मी चौदा वर्षं आयटीत आहे, त्यामुळे असे मेसेज मला स्वतःलाही येतात. आईच्या मैत्रिणीच्या जावेच्या मुलापासून ते लिंक्डइनवर काल जोडल्या गेलेल्या माणसापर्यंत. मी सगळ्यांना उत्तर देत नाही, हे कबूल करते. त्यात माज नसतो. अशा मेसेजला उत्तर द्यायचं म्हणजे समोरच्याचं अर्धं काम आपण करायचं असतं, आणि ते संध्याकाळी सातला हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये बसून होत नाही.

भाच्याला वाटत होतं की चूक भाषेत आहे. म्हणून मी "नीट मेल लिही" म्हटल्यावर तासाभरात त्याने जे पाठवलं त्यात 'आदरणीय सर' होतं, 'आपलं आरोग्य उत्तम असेल अशी आशा करतो' होतं, 'मी एक अत्यंत मेहनती आणि जिज्ञासू व्यक्ती आहे' होतं, आणि शेवटी 'कृपया योग्य ती कार्यवाही करावी'. इंग्रजी अगदी स्वच्छ. पण तहसीलदाराला केलेल्या अर्जासारखं. आणि मुख्य म्हणजे त्या पाच बुडबुड्यांत जी माहिती नव्हती, ती या पंचवीस ओळींतही नव्हती. कुठली जागा? माहीत नाही. तू काय करतोस? मेहनत.

माझं मत असं, की चॅटचं मेल करणं म्हणजे भाषा सुधारणं नव्हेच. चॅट मित्राला चालतं, कारण मित्र उलट विचारतो. "कुठला रोल रे? किती वर्षं झाली तुला? नोटीस किती?" चार फेऱ्यांत सगळं बाहेर येतं. अनोळखी माणूस उलट विचारत नाही, मेसेज बाजूला ठेवतो. म्हणून त्याने जे प्रश्न विचारले असते, त्यांची उत्तरं आधीच द्यायची असतात. ते प्रश्न कुठले, हे रेफरल करणाऱ्याच्या खुर्चीत बसल्याशिवाय कळत नाही.

त्या खुर्चीतून काय दिसतं ते सांगते. बहुतेक मोठ्या कंपन्यांत रेफरलचं अंतर्गत पोर्टल असतं. तिथे आधी जागा निवडावी लागते, म्हणजे जॉब आयडी लागतो. 'कुठलाही रोल' असा पर्याय त्या यादीत नसतो. मग उमेदवाराचं नाव, ईमेल, फोन, रिझ्युमेची फाइल. मग बहुधा एक प्रश्न: या व्यक्तीला तुम्ही कसं ओळखता? आणि एक रिकामा चौकोन: ही व्यक्ती या जागेला का योग्य आहे? शेवटच्या या दोन जागी बरेच लोक अडकतात, टॅब बंद करतात आणि 'उद्या बघू' म्हणतात. उद्या येत नाही.

म्हणून मेल लिहायच्या आधी मी भाच्याला कामाला लावलं. कंपनीच्या करिअर पेजवर जा, तुला खरंच जमेल अशी एकच जागा काढ, आयडी लिहून घे. तासाभराने एक जागा निघाली, सीनिअर टेस्टिंगची. मग विचारलं, या कंपनीत आधी कधी अर्ज केला होतास? "हो, मार्चमध्ये केला होता, दुसऱ्या रोलसाठी. काही झालं नाही." आणि हे तू सांगणार नव्हतास? "त्याचा काय संबंध?"

संबंध मोठा आहे. बऱ्याच कंपन्यांत तुमचं नाव एकदा सिस्टिममध्ये आलं की काही महिने ते 'आधीच आलेला उमेदवार' म्हणून राहतं. मग कुणी रेफर करायला गेलं की पोर्टल नाही म्हणतं, किंवा रेफरल धरलाच जात नाही. रेफर करणाऱ्याला बोनस मिळत असेल तर तोही जातो. मुदत प्रत्येक ठिकाणी वेगळी. पण समोरच्याने वेळ काढून फॉर्म भरावा आणि शेवटच्या बटणाला लाल अक्षरं यावीत, यापेक्षा आधी सांगितलेलं बरं. याच कारणाने मी सगळ्यांना सांगते, की रेफरल मागणार असाल तर 'तोवर अर्ज तरी करून ठेवतो' असं करू नका.

मग मेल लिहिला. गेला इंग्रजीतून, इथे मराठीत देते. विषयाच्या ओळीत फक्त 'रेफरलची विनंती', जागेचं नाव आणि जॉब आयडी. 'नमस्कार' नाही, 'अर्जंट' नाही. फोनवर विषयाचे पहिले काही शब्दच दिसतात, त्यातच कळलं पाहिजे. आत असं:

"फेब्रुवारीत आपल्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमात तुम्ही टेस्टिंगवर बोलला होतात. नंतर बाहेर मी तुम्हाला एपीआय टेस्टिंगबद्दल एक प्रश्न विचारला होता आणि तुम्ही तुमचा ईमेल दिला होता. आपली ओळख तेवढीच आहे.

मी तीन वर्षं पुण्यात एका बँकिंग प्रॉडक्टच्या टेस्टिंगवर आहे. आमचे रात्रीचे रिग्रेशन टेस्ट सहा तास चालायचे. मी आणि एका सहकाऱ्याने ते समांतर चालवून दोन तासांच्या आत आणले. तुमच्याकडच्या या जागेसाठी मागितलेलं सेलेनियम, जावा आणि एपीआय टेस्टिंग मी रोज करतो. परफॉर्मन्स टेस्टिंग केलेलं नाही.

मार्चमध्ये तुमच्या कंपनीत दुसऱ्या जागेसाठी मी थेट अर्ज केला होता, त्यामुळे रेफरलला अडचण येऊ शकते. रिझ्युमे पाहून योग्य वाटलं तर रेफर कराल का? इतक्या कमी ओळखीवर रेफर करणं तुम्हाला पटत नसेल तर तेही मी समजू शकतो. नोटीस पिरियड 60 दिवस."

आणि सहीच्या खाली वेगळा परिच्छेद, 'पोर्टलमध्ये लागलं तर' असं म्हणून, तृतीयपुरुषी: "तीन वर्षांचा टेस्टिंगचा अनुभव, बँकिंग क्षेत्र, सेलेनियम-जावा, रिग्रेशनचा वेळ सहा तासांवरून दोनच्या आत आणण्यात सहभाग. ओळख: कॉलेजच्या कार्यक्रमात एकदा भेट." म्हणजे तो रिकामा चौकोन भरायला समोरच्याला फक्त कॉपी-पेस्ट करायचं आहे. मेलमधली माझी सगळ्यात लाडकी जागा हीच.

भाच्याशी भांडण झालं ते दोन ओळींवरून. एक, 'आपली ओळख तेवढीच आहे'. त्याला ती कमीपणाची वाटली. "मावशी, 'तुमच्या मार्गदर्शनाने खूप शिकलो' असं लिहूया की." अरे, चाळीस मिनिटांचं भाषण आणि दोन मिनिटांचा प्रश्न. त्या माणसाला पोर्टलमध्ये 'कसं ओळखता' याचं उत्तर स्वतःच्या नावाने लिहायचंय. तू फुगवलंस तर एक तर तो खोटं लिहील, नाही तर तुला ओळखत नाही हे त्याच्या लक्षात येईल. दुसरी ओळ 'परफॉर्मन्स टेस्टिंग केलेलं नाही'. ती मी ठेवलीच. जागेच्या जाहिरातीत ते 'असल्यास उत्तम' या यादीत होतं, अनिवार्य नव्हतं, आणि मुलाखतीत ते पाचव्या मिनिटाला बाहेर येणारच होतं. ते अनिवार्य असतं तर मी त्याला ही जागाच सोडायला सांगितली असती.

'सर'वरूनही वाद झाला. आयटीत सगळे नावाने हाक मारतात, पण आपल्या मुलांना कॉलेजच्या सीनिअरला नुसतं नाव लिहवत नाही, हात थांबतो. शेवटी 'हाय' आणि पुढे नाव लिहिलं, आणि त्याने माझ्या नकळत पुढे 'सर' जोडलं. राहू दे म्हटलं. त्याने काही बिघडत नाही.

बिघडतं ते बारीक गोष्टींनी. ड्राइव्हची लिंक उघडली की 'परवानगी मागा' असं येतं, आणि परवानगी कोण मागतो? पीडीएफ जोडा. फाइलचं नाव 'रिझ्युमे फायनल नवीन 3' नको, स्वतःचं नाव आणि काम लिहा, कारण ती फाइल त्याच्या डाउनलोड्समध्ये आणखी दहा रिझ्युमेंशेजारी पडणार आहे. आणि मेल आपल्या सध्याच्या कंपनीच्या आयडीवरून पाठवू नका. हसू नका, मला असा मेल खरंच आला आहे. समोरच्याचा ऑफिसचा आयडी अंदाजाने बनवून त्यावरही पाठवू नका. त्याने दिला असेल तोच वापरा, नसेल दिला तर लिंक्डइनवर दोन ओळींत विचारा.

कुणी म्हणेल, एवढ्या कमी ओळखीवर मागायचंच कशाला? तर, मागावं. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने बॉस्टनजवळच्या एका उपनगरात नुकत्याच नोकऱ्या बदललेल्या लोकांना विचारलं होतं, की ज्याच्यामुळे नोकरी लागली तो तुम्हाला किती वेळा भेटायचा. 1973 साली त्याने ते छापलं. नेहमी भेटणारे साधारण 17 टक्के निघाले, अधूनमधून भेटणारे 56 टक्क्यांच्या आसपास आणि क्वचित भेटणारे 28 टक्के. आपल्या घट्ट मित्रांना ज्या जागा माहीत असतात त्या बहुधा आपल्यालाही माहीत असतात. लांबच्या माणसाला वेगळ्या माहीत असतात.

मेल मंगळवारी सकाळी गेला. चार दिवस शांतता. भाचा रोज विचारायचा, "आठवण करू का?" मी म्हटलं आठवडा जाऊ दे, मग त्याच मेलखाली एकदाच, तीन ओळींत, आणि जागा अजून उघडी आहे का ते पेजवर बघून. ती वेळ आली नाही. शनिवारी उत्तर आलं. पोर्टलने मार्चच्या अर्जामुळे रेफरल घेतलाच नव्हता. पण सरांनी तो खालचा परिच्छेद तसाच्या तसा रिक्रूटरला पाठवला होता आणि भाच्याला सीसीत ठेवलं होतं. सोबत एकच प्रश्न: समांतर चालवताना टेस्ट डेटाची भांडणं कशी सोडवलीत?

नोकरी लागली का? अजून नाही. पहिली फेरी पुढच्या बुधवारी आहे. टेस्ट डेटाच्या प्रश्नाचं उत्तर त्याने चांगलं लिहिलं, मी एक शब्दही बदलला नाही. मग मला स्क्रीनशॉट आला. सरांना व्हॉट्सॲपवर:

"थँक्यू सर"
"खरंच थँक्यू"
"🙏🙏"
"माझा एक मित्र पण आहे सर"

चौथा बुडबुडा मी फोन करून डिलीट करायला लावला.